अनारशांचा हॅशटॅग आणि अधिक महिना

वहिनी नौपाड्यातल्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. इन्स्टाग्रामचं खातं मी सांभाळतो. २०२३च्या जूनमध्ये त्यांनी विचारलं, "भाऊजी, ही शेपटासारखी टॅगांची रांग लावता, त्यातला कामाचा कुठला?" मला सांगता येईना. म्हणून गूगल शीट उघडलं. एका पोस्टला एक ओळ, प्रत्येक टॅगला एक रकाना, लावला तर १, नाही तर ०. बाकी तारीख, वेळ, फोटो कशाचा आणि आकडे.

पहिली अडचण लगेच समोर आली. इन्स्टाग्राम टॅगनिहाय आकडा देतच नाही. तेव्हा पोस्टच्या इनसाइट्समध्ये From hashtags अशी एकच ओळ असायची, सगळ्या टॅगांची मिळून. शिवाय ती इम्प्रेशन्सची, म्हणजे एकाच बाईने तीनदा पाहिलं तर तीन. रीच, म्हणजे किती वेगळ्या खात्यांना पोस्ट दिसली, तो आकडा अख्ख्या पोस्टचा. आमच्या रील्सखाली तर ही ओळही दिसत नसे, म्हणून रील्स बाजूला ठेवल्या.

जूनच्या नोंदी मी स्वतःच वाया घालवल्या. आठवेल तेव्हा आकडे उतरवत होतो, कुठल्या पोस्टचे दुसऱ्या दिवशी, कुठल्याचे वीस दिवसांनी. पोस्ट जुनी होईल तसा आकडा वाढतोच, मग तुलना कसली? जुलैपासून नियम केला: बरोबर सातव्या दिवशी रात्री वाचायचं. मोबाइलला गजरच लावला. सरासरीही सोडली, कारण एखादी पोस्ट कुणी मोठ्या खात्याने शेअर केली की सगळी सरासरी तिच्याच मागे पळते. त्याऐवजी मधली किंमत घेतली, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो आकडा. E रकान्यात हॅशटॅगचे इम्प्रेशन्स आणि H मध्ये #anarse असेल तर:

```
=MEDIAN(FILTER(E2:E200, H2:H200=1))
=MEDIAN(FILTER(E2:E200, H2:H200=0))
```

ऑक्टोबरअखेर #anarse असलेल्या आठ पोस्टची मधली किंमत आली २४०, नसलेल्यांची ७०. मी खूश होऊन वहिनींना शीट दाखवलं. त्यांनी तारखांचा रकाना पाहिला आणि हसल्या. "अहो, हा अधिक श्रावण नाही का? जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं. लोक तेव्हा अनारसे शोधणारच." खरंच, आठही पोस्ट १८ जुलै ते १६ ऑगस्टच्या आतल्या होत्या. मी टॅग मोजतोय असं समजून पंचांग मोजत होतो.

त्याहून अवघड गाठ दुसरी होती. अनारशाचा फोटो आणि #anarse कायम जोडीनेच येत होते. आकडा जाळीदार, खसखस लावलेल्या अनारशामुळे वाढला की टॅगमुळे, हे त्या शीटमधून कधीच कळलं नसतं, कितीही महिने नोंदी केल्या तरी. #thanefood आणि #maharashtrianfood यांचंही तेच, ते मी सवयीने प्रत्येक पोस्टला चिकटवत होतो. त्यांच्या रकान्यात एकही शून्य नव्हतं, मग ताडून बघायचं कशाशी?

म्हणून दिवाळीआधी अनारशांचे सहा फोटो काढले, त्याच ताटात, त्याच खिडकीपाशी. तिघांना #anarse लावायचा, तिघांना नाही, बाकी चार टॅग सारखेच. कुठल्याला लावायचा ते वहिनींच्या लेकीने चिठ्ठ्या उचलून ठरवलं, कारण मी ठरवलं असतं तर चांगल्या फोटोला टॅग गेला असता. पोस्ट टाकायची वेळ संध्याकाळी सात.

टॅग असलेल्या तिघांचे हॅशटॅगवरून आलेले इम्प्रेशन्स ११८, ९६, १३१. नसलेल्यांचे ४२, ५७, ३८. म्हणजे टॅग काम करतो. पण २४० आणि ७० मधलं अंतर १७० होतं, ते इथे साधारण ७५वर आलं. बाकीचं अधिक महिन्याचं आणि फोटोचं असावं. आणि एकूण रीच? टॅगवाल्यांचा ६९०, ७२०, ६४०. बिनटॅगवाल्यांचा ६५५, ७०५, ६१०. आमची पोस्ट बघणारे बहुतेक आधीचेच फॉलोअर, टॅगवरून येणारे त्यात थोडेच.

तीन-तीन पोस्टवरून फार ताणू नये हे मला कळतं. एक चांगला फोटो इकडचा तिकडे गेला असता तरी रीचमधला एवढा फरक उलटला असता. हॅशटॅगच्या आकड्यात मात्र सगळ्यात कमी ९६ हा दुसऱ्या गटातल्या सगळ्यात जास्त ५७च्याही वर आहे, तेवढ्यावर मी विसंबतो.

आता रांग पाच टॅगांची आहे आणि #thanefood मी चिठ्ठी टाकून लावतो. शीटमध्ये 'महिना' असा नवा रकाना आहे, तो वहिनी पंचांग बघून भरतात. पुढचा अधिक महिना २०२६च्या ज्येष्ठात. तेव्हाच्या अनारशांच्या फोटोंसाठी चिठ्ठ्या त्यांनी आत्ताच डब्यात घालून ठेवल्यात.