रजा, गौरी आणि अकरा तारीख

13 ऑगस्ट 2024, मंगळवार

काल टाकलेली रजा आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाकारली गेली. पोर्टलवर लाल अक्षरं आणि खाली शेऱ्यात एवढंच: जीएसटी, टॅक्स ऑडिट, शक्य नाही. डबा उघडा तसाच राहिला.

6 ते 13 सप्टेंबर मागितली होती. शनिवारी 7 ला गणपती, ती सुट्टीच आहे आणि रविवार धरून सहा दिवस माझ्या खात्यातले जात होते. खात्यात एकोणीस शिल्लक आहेत. यंदा गणपतीची पाळी आमची. आमच्या भावकीत तीन घरांत गणपती फिरतो, म्हणजे दर तिसऱ्या वर्षी मूर्ती आमच्या ओसरीवर बसते. मागच्या पाळीला बाबा होते. यंदा आई, गुडघे धरून बसलेले आप्पाकाका आणि मी.

संध्याकाळी आईला फोन केला, पण सांगितलं नाही. ती गणपतीवर टांगायच्या माटवीला बांधायच्या नारळांचा हिशोब सांगत होती.

14 ऑगस्ट, बुधवार

रात्री एक मेल लिहून ठेवली होती, ती सकाळी वाचली. मागच्या मार्चला मी सलग किती रविवार आलो ते पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत विक्रीतल्या एकाला मे महिन्यात दहा दिवस कसे मिळाले. तिसऱ्या ओळीत ‘माझ्यावरच का’. सगळं खरं होतं. पण मॅडमच्या खुर्चीत बसून वाचलं तर त्यात रजेबद्दल एक शब्द नव्हता, नुसता उणेदुणेपणा. खोडून टाकली.

मामेभाऊ युनियनचं काम बघतो. तो म्हणाला, फॅक्टरी ॲक्टचं कलम 79 टाक, पंधरा दिवस आधी रीतसर अर्ज केलास तर ठरलेल्या योजनेबाहेर नाकारता येत नाही. कलम असं आहे खरं. पण ते मशीनवरच्या माणसापासून अकाउंट्सच्या टेबलापर्यंत पोचतं की नाही यावरच आमचा आठवडा जाईल, आणि मला भांडण जिंकायचं नाही, गणपतीला घरी असायचं आहे. कलम हातचं ठेवलं.

15 ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून आलो आणि कागद घेऊन बसलो. आधी स्वतःला विचारलं, सहाच्या सहा दिवस कशाला हवेत? शुक्रवार 6 ला मूर्ती आणायची, ती आप्पाकाकांचा मुलगा आणेल. मी रात्रीच्या गाडीने कराड, पाटण, कुंभार्ली घाटाने उतरलो तर पहाटे संगमेश्वर. प्रतिष्ठापनेला हजर. शुक्रवार 13 मी निव्वळ आरामासाठी धरला होता, हे कागदावर लिहिलं तेव्हाच कळलं. मंगळवारी 10 ला गौरी येतात, बुधवारी पूजन, गुरुवारी गौरीबरोबर गणपतीही जातात. सोमवारी कामावर येऊन परत जायचं तर दोन रात्री घाटात. म्हणजे न सुटणारे दिवस चारच: सोमवार ते गुरुवार.

मग दुसरी बाजू. ऑगस्टचा टीडीएस 7 पर्यंत भरायचा, तो मी 5 लाच भरू शकतो. अडचण आहे ती अकरा तारखेची. त्या दिवशी जीएसटीआर-1 ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची मुदत संपते. तो गेला नाही तर आमचा माल घेणाऱ्यांच्या 14 तारखेच्या टू-बी मध्ये, म्हणजे त्यांच्या क्रेडिटच्या यादीत, आमची बिलं दिसत नाहीत, त्यांचं क्रेडिट अडतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोन सुरू होतात. अकरा म्हणजे नेमकं गौरीपूजन. मॅडमनी नाही म्हटलं ते उगाच नव्हतं.

पण आता बहुतेक बिलं ई-इनव्हॉइसची. ती दोन-तीन दिवसांत आपोआप रिटर्नमध्ये येऊन बसतात. हाताने करायचं उरतं ते आमच्या रजिस्टरशी जुळवणं, क्रेडिट नोटा, एचएसएनचा गोषवारा आणि बिलांच्या क्रमांकांचा तक्ता. ऑगस्टचं शेवटचं बिल 31 ला फाटलं तर 5 च्या संध्याकाळपर्यंत हे होतं. दाखल करायचं ते संचालकांच्या डिजिटल सहीने. ती सही माझ्याकडे नसतेच.

16 ऑगस्ट, शुक्रवार

आज दोन माणसांशी बोललो.

पहिली शेजारच्या टेबलावरची ताई. पत्रात ‘माझं काम त्या बघतील’ असं परस्पर लिहून टाकायची आपल्याकडे सवय आहे आणि त्याचा मला स्वतःला दोनदा फटका बसलाय. म्हणून आधी विचारलं. ती म्हणाली, “जुळवलेलं असेल तर दाखल मी करून घेईन रे. पण जुळवणी माझ्या गळ्यात टाकू नकोस. आणि दिवाळीत भाऊबीजेच्या पुढचे दोन दिवस मला हवेत, तेव्हा तू थांब.” थांबतो म्हटलं.

दुसऱ्या म्हणजे मॅडम. रजा मागायला गेलो नाही. एकच विचारलं, “मॅडम, त्या आठवड्यात मी नसलो तर नेमकं काय अडेल?”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, “जीएसटीचं मी करून घेईन. नऊ तारखेला ऑडिटरची मुलं येतायत. ते 43बी-एच विचारणार, आणि ते सगळं तुझ्या डोक्यात आहे.”

खरं कारण पोर्टलवर नव्हतंच. 43बी-एच हे आयकराचं कलम यंदा पहिल्यांदाच आलंय: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, म्हणजे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत, दिले नाहीत आणि वर्षअखेरीला थकले, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्यासाठी कोणता पुरवठादार सूक्ष्म, कोणता लघु, कोणता मध्यम हे उद्यम प्रमाणपत्रावरून ठरवावं लागतं. मध्यम यात येत नाहीत, नुसता व्यापार करणारेही येत नाहीत. आमचे 212 पुरवठादार. मार्चपासून त्यांच्या मागे लागून प्रमाणपत्रं मीच गोळा केली. काही व्हॉट्सॲपवर, काही मेलवर, काही नुसती ‘हो, आमचं लघु आहे’ अशी फोनवर. मी रजेवर गेलो तर ऑडिटरला दाखवायला खरंच काही नव्हतं. मान खाली घालून जागेवर आलो.

18 ऑगस्ट, रविवार

पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहायला लागलो की माझी भाषा आपोआप वकिली होते, म्हणून सरळ मराठीत. चार वेळा कापलं. ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही ओळ शाळेच्या अर्जातून आलेली, ती आधी गेली. बाबा गेल्याचाही उल्लेख काढला. मॅडमना ते माहीत आहे, आणि तो पुढे केला तर त्यांना नाही म्हणायची वाटच उरत नाही. शेवटी राहिलं ते असं:

“आदरणीय मॅडम,

6 ते 13 सप्टेंबरची माझी रजा 13 ऑगस्टला नाकारली गेली. त्या आठवड्यात जीएसटीआर-1 ची मुदत आहे आणि ऑडिटची टीम येत आहे. मी अर्ज करताना याचा विचार केला नव्हता, तो करायला हवा होता. शुक्रवारी आपण बोललात त्यावरून हा अर्ज बदलून पुन्हा पाठवत आहे.

आता 9 ते 12 सप्टेंबर, चारच दिवस मागतो. यंदा आमच्या भावकीतला गणपती आमच्या घरी आहे आणि हे दिवस मला हलवता येत नाहीत. 6 ला मी पूर्ण दिवस कामावर आहे आणि 13 ला सकाळी हजर असेन.

टीडीएस 5 तारखेला भरतो. जीएसटीआर-1 ची जुळवणी 5 च्या संध्याकाळपर्यंत करून 6 ला सकाळी आपल्याला दाखवतो. 10 ला ताई दाखल करतील, त्यांना विचारून लिहितो आहे.

43बी-एच ची यादी 30 ऑगस्टपर्यंत पूर्ण करतो. प्रत्येक पुरवठादारापुढे प्रमाणपत्र, मुदत आणि 31 मार्चची बाकी लावून प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये क्रमाने ठेवतो. ज्यांचं प्रमाणपत्र मिळणार नाही त्यांची यादी वेगळी देतो. यादी पुरी झाली आहे असं 30 ला आपल्याला वाटलं नाही, तर रजेबद्दल आपण म्हणाल तसं करू.

त्या चार दिवसांत संध्याकाळी 5 ते 6 मी फोनवर आहे. गावात रेंज ओसरीवर येते, घरात येत नाही, म्हणून वेळ ठरवून देतो आहे.”

30 ऑगस्टची ती ओळ लिहिताना हात थांबला. हे म्हणजे स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून देणं. पण मॅडमना काळजी त्याचीच होती. ती ओळ नसती तर बाकी सगळं नुसतं आश्वासन होतं.

20 ऑगस्ट, मंगळवार

काल राखीपौर्णिमा, मॅडम नव्हत्या. आज अकरा वाजता बोलावलं. समोर माझं पत्र छापून ठेवलेलं, 30 ऑगस्टवर पेनाने गोल.

“30 नको, 28. मला दोन दिवस बघायला हवेत.”

“चालेल.”

“आणि बारा तारीख कठीण आहे. ऑडिटरची मुलं गुरुवारी मुद्दे काढून देतात.”

मी म्हटलं, “मॅडम, विसर्जन गुरुवारी आहे. नऊ तारीख सोडता आली तर सोडतो, पण मग रविवारी रात्री निघून सोमवारी इथे, आणि रात्री परत घाट.” त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, गुरुवारचे मुद्दे शुक्रवारी सकाळी साडेआठला घेऊ, ऑडिटरशी मी बोलते. पोर्टलवर नवीन अर्ज टाक, जुन्यावर मला काही करता येत नाही.

ते मला माहीतच नव्हतं. नाकारलेला अर्ज तिथे पुन्हा उघडत नाही. नुसतं पत्र देऊन बसलो असतो तर बोलणं झालं असतं आणि रजा खात्यावर चढली नसती. जागेवर आलो आणि पहिल्यांदा तोच टाकला. चार वाजता हिरवं झालं.

28 ऑगस्ट, बुधवार

यादी दिली. 212 पैकी 17 जणांची प्रमाणपत्रं नाहीतच, त्यातल्या तिघांची बाकी मोठी आहे. ते वेगळं लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या, हे तिघे मला आधी कळायला हवे होते. बरोबर आहे. रात्री साडेनऊला घरी.

10 सप्टेंबर, मंगळवार, गावी

सकाळी काकूबरोबर तेरडा आणायला बांधावर गेलो. पायात चिखल, हातात तेरड्याची जुडी, आणि फोन. पाच वाजायला अजून आठ तास होते. ताई.

“दाखल झालं रे. पण ऑडिटरचा पोरगा त्या खराडीच्या पॅकिंगवाल्याचं विचारतोय. लघु म्हणून लावलंयस, प्रमाणपत्र दिसत नाही.”

“फोल्डर चार. नाव मालकाच्या नावाने आहे, फर्मच्या नाही.”

तिकडे माउसचा आवाज. मग, “सापडलं. ठेव आता.”

काकू विचारत होती, मुळं तुटली नाहीत ना, गौर मुळासकट लागते.