हात धुताना मनात म्हणते ते

"सिस्टर, नाइटला आयसीयूत शिरताना हात धुता धुता तुम्ही डोळे मिटून काय म्हणता हो?"

"देवा, हात थरथरू देऊ नकोस. आवाज चढू देऊ नकोस. समोरचं माणूस कुणाचं तरी आहे, हे पहाटेपर्यंत लक्षात राहू दे." एवढंच. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, तेवढ्यात म्हणून होतं.

हातांसाठी का मागते, ते सांगते. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी व्हायला लागलेल्या पेशंटचं बीपी कित्येकदा नॉरअॅड्रिनॅलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधावर तगलेलं असतं. 50 मिलीची सिरिंज पंपावर ताशी 5 मिलीने चालली तर दहा तासांत संपते, म्हणजे रात्रीत ती बदलावी लागतेच. या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरायला लागतो, त्यामुळे मधे खंड पडून चालत नाही. आमच्याकडे नवी सिरिंज आधीच भरून दुसऱ्या पंपात लावतात. लेबल आणि डोस आम्ही दोघी सिस्टर मिळून तपासतो. नळी पेशंटला जोडायच्या आधीच तिच्यातली हवा पंपावरच्या पर्जच्या बटणाने काढायची. जोडल्यावर ते बटण दाबलं तर औषध एकदम आत जाऊन बीपी उसळतं. मग नवा पंप सुरू करायचा आणि बीपी चढायला लागलं की जुना उतरवत बंद करायचा.

मागे ठाण्यातल्या एका आजोबांचं मीन, म्हणजे सरासरी बीपी 65 च्या आसपास धरून ठेवायचं होतं. पहाटे तीनला मी सिरिंज बदलत होते आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला मुलगी समजून म्हणत होते, "घरी चल, हे लोक मला सोडत नाहीत." दुसरा हात मानेतल्या सेंट्रल लाइनकडे, म्हणजे औषध जाणाऱ्या मोठ्या शिरेतल्या नळीकडे जात होता. ती निघाली असती तर रक्तस्राव झाला असता आणि नॉरअॅडही थांबलं असतं. मी हाक मारताच जोडीदारीण आली आणि तिने त्यांचा तो हात हातात घेतला. मी पंपावरची नजर न काढता म्हटलं, "बाबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात. रात्रीचे तीन वाजलेत. मी सिस्टर आहे, इथेच आहे."

हे डेलिरियम. आजारात मेंदू गोंधळतो, रात्री जास्तच. हट्टीपणा नव्हे तो. दटावलं की भीती वाढते आणि हात आणखी जोरात लाइनकडे जातो. सिरिंज लागल्यावर ड्रॉवरमधून त्यांचा चष्मा काढून लावला, कानाचं मशीन बसवलं, घड्याळ दाखवलं. तरी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, आणि मीही तेच उत्तर तेवढ्याच हळू दिलं. त्यांनी मनगट सोडलं.

सगळेच असे शांत होत नाहीत. कधी डॉक्टरांना बोलवावं लागतं, कधी औषध द्यावं लागतं. प्रार्थना केली म्हणून लेबल तपासायचं मी कधी सोडत नाही. पण चौथ्यांदा तेच उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा ते दुसरं वाक्य मला लागतं, आणि ते मी मनापासून मागते.