पेस्टवर ठसाच नव्हता

"ताई, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली तरी लॅपटॉप तापतोय. उलट जास्तच तापतोय," असं म्हणत एक पोरगा माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात शिरला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. लॅपटॉप तीन वर्षांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. इचलकरंजीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तोच त्यालाही विचारला: घर मागाच्या शेडला लागून आहे का? होतं. रात्रपाळीला वडिलांच्या सोबतीला तो शेडमधल्या टेबलावरच अभ्यास करायचा.

मागावर सूत सतत घासतं आणि त्यातून कापसाची बारीक पिंज हवेत उडत राहते. साध्या धुळीपेक्षा ही पिंज लॅपटॉपला जास्त बाधते, कारण तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांचा नमदा तयार होतो.

लॅपटॉप उघडण्याआधी मी HWiNFO64 हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावला, प्रोसेसरवर भार टाकला आणि तापमानाकडे बघत बसले. कुणालाही घरी करता येईल अशी ही चाचणी आहे, आणि ती पेचकसाला हात लावण्याआधीच करायची. नुसती हवेची वाट तुंबली असेल तर तापमान सावकाश चढतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, पंखा घोंघावत असतो आणि बाजूच्या जाळीतून वारा मात्र जेमतेम येतो. इथं तसं घडलं नाही. आकडा पन्नासवरून चार सेकंदांत शंभरला गेला, प्रोसेसरनं स्वतःचा वेग पाडला आणि भार काढताच आकडा तितक्याच झपाट्यानं खाली आला. अशी उडी दिसली की समजायचं, उष्णता प्रोसेसरवरून पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत, म्हणजे हीटसिंकमध्ये, उतरतच नाहीये. दोघांचं एकमेकांना नीट टेकणं सुटलंय.

"पेस्ट लावताना अजून काय बदललंस?" मी विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, "ते निळे पॅड फाटले होते. ऑनलाइन पॅड मागवून तेही नवे लावले."

मागचं झाकण काढून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे बोर्डात उरलेला विद्युतभार निघून जातो. हीटसिंकचे स्क्रू त्याच्यावर छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमानं, प्रत्येकी थोडे थोडे सैल केले. पट्टी उचलली आणि चूक समोरच दिसली. पेस्टचा ठिपका ट्यूबमधून पिळला तसाच उंच उभा होता, फक्त टोक किंचित चेपलं होतं. नीट बसलेल्या हीटसिंकखाली पेस्ट कागदासारखी पातळ पसरते आणि तिच्यावर प्रोसेसरच्या चौकोनाचा स्वच्छ ठसा उमटतो. इथं ठसाच नव्हता.

कारण पॅडमध्ये होतं. ग्राफिक्सच्या मेमरी चिपवर पेस्ट नसते, तिथं मऊ पॅड असतात, कारण त्या चिप आणि पट्टी यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट असते. पॅडची जाडी त्या फटीच्या मापाची हवी. सुदैवानं एक जुना पॅड कोपऱ्यातल्या मेमरी चिपला चिकटून राहिला होता. चिपखाली दबलेला भाग मापून उपयोग नसतो, म्हणून चिपच्या बाहेर आलेली न दबलेली कड व्हर्निअरनं मोजली: एक मिलिमीटर. त्यानं लावलेले पॅड दोन मिलिमीटरचे होते. त्यांनी पट्टी वर उचलून धरली होती आणि प्रोसेसर खाली अधांतरी राहिला होता. स्क्रू आणखी आवळले असते तर पट्टी वाकली असती. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, उघडी सिलिकॉनची चिप असते, त्यामुळे एका बाजूनं जोर पडला की तिच्या कोपऱ्याचा टवकासुद्धा निघतो. तो थोडक्यात वाचला होता.

मला खरं वाईट वाटलं ते पुढं. पंखा सोडवला तर पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मधे पिंजेचा नमदा बसलेला, बोटभर लांब आणि दोन-अडीच मिलिमीटर जाड. पंख्याची पाती मात्र लख्ख होती. "मी ब्रशनं साफ केलं होतं, ताई," तो म्हणाला. त्यानं केलं होतंच. पण हा थर बाहेरून दिसत नाही आणि झाकण काढूनही दिसत नाही. पंखा उचलला तरच दिसतो. लॅपटॉप मुळात तापत होता तो याच्यामुळं. पेस्टला त्यानं हात लावण्याची गरजच नव्हती.

म्हणून पुढचं काम मी त्यालाच करायला लावलं. पंख्याला तीन स्क्रू आणि एक वायर. वायर ओढायची नाही, तिचा प्लग नखानं दोन्ही कडांनी थोडा थोडा सरकवायचा. नमदा चिमट्यानं धरून एका बाजूनं सोलायचा. तो एका पट्टीत सुटून आला तेव्हा पोराचे डोळे मोठे झाले. उरलेली धूळ ब्लोअरनं उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, कारण वाऱ्यानं पंखा भलत्याच वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. न उघडता बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारणारे पुष्कळ जण येतात. त्यानं नमदा सुटून मागं पंख्यात जातो आणि कधी पंखाच अडकतो.

नवशिक्यानं इथपर्यंत जरूर यावं: झाकण, बॅटरीचा कनेक्टर, पंखा, नमदा. स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरचं कव्हर फोडतो. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा पंख्यापर्यंत जायला कीबोर्ड अथवा मदरबोर्ड काढावा लागत असेल, तर झाकण परत लावून दुकान गाठावं. काही गेमिंग मॉडेलमध्ये कंपनीच पेस्टऐवजी द्रव धातू घालते. तो वीज वाहतो, बोर्डावर एक थेंब सांडला तरी शॉर्ट होतो, म्हणून मॉडेलची माहिती आधी वाचायची. आणि पंखा साफ करून पुन्हा चाचणी घेतल्याशिवाय हीटसिंक उचलायची नाही. ती उचलली की जुनी पेस्ट मोडते आणि पॅडही फाटू शकतात, मग बदलावंच लागतं.

आमच्याकडे ती मोडलेलीच होती. नव्याण्णव टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही पृष्ठभाग पुसले, एक मिलिमीटरचे पॅड कापून लावले, उघड्या चिपवर पेस्टचा पातळ थर कोपऱ्यांपर्यंत पसरवला. लॅपटॉपमध्ये नुसता मधोमध ठिपका ठेवला तर कोपरे कोरडे राहू शकतात. स्क्रू छापलेल्या क्रमानं आवळले. मग पट्टी एकदा पुन्हा उचलून ठसा बघितला. पॅड बदलले की हे मी नेहमी करते, पेस्ट पुन्हा लावावी लागते तरी. चौकोन पूर्ण उमटला होता.

वीस मिनिटं भार ठेवला. तापमान हळूहळू चढून ८३ अंशांवर थांबलं आणि जाळीतून हाताला गरम वारा लागला.

पिंजेची ती पट्टी त्यानं वडिलांना दाखवायला कागदात बांधून घेतली. दर तीन महिन्यांनी पंखा उघडायचा असं आमचं ठरलं. गेल्या आठवड्यात तो बहिणीचा लॅपटॉप घेऊन आला. पंखा त्यानं घरीच साफ केला होता, चाचणीत आकडा सावकाश चढून ८० वर थांबत होता. पेस्ट बदलू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी नको म्हटलं.