४८ व्होल्ट पॅक, १३ एस ४ पी: सेलमधल्या फटी आणि अभ्रकाच्या पट्ट्या

पॅक रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतावर जाणाऱ्या ई-सायकलसाठी आहे. ५२ सेल, १८६५० साइज, एनएमसी, प्रत्येकी २.६ अँपिअर-तास. या टप्प्यावर प्रश्न एकच होता: एक सेल पेटला तर शेजारचा कसा वाचेल?

आधी उष्णतेचा हिशोब. एका सेलमध्ये साधारण ३४ किलोज्यूल वीज साठते, आणि पेटल्यावर त्याहूनही जास्त उष्णता निघते. शेजारचा सेल ४५ ग्रॅमचा. त्याला २५ अंशांवरून १५० पर्यंत न्यायला जेमतेम ५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे निघालेल्या उष्णतेचा लहानसा भाग शेजारी गेला तरी पुरे. त्यात मे महिन्यात जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो, तिथून सुरुवात धरली तर ही सवलत आणखी एक षष्ठांश कमी होते.

होल्डर लावला की दोन सेलमध्ये साधारण २ मिलिमीटर फट राहते. उष्णता अडवायचं खरं काम या फटीतली हवा करते. अभ्रकाची ०.५ मिलिमीटरची पट्टी उष्णतारोधक म्हणून फारशी उपयोगाची नाही. तिचं काम ज्वाळा, उष्णतेचं प्रारण आणि सेलची बाजू फाटली तर येणारा गरम झोत अडवणं. म्हणून पट्टी सेलला चिकटून बसली की फायदा कमी होतो. ती फटीच्या मधोमध उभी हवी, दोन्ही बाजूंना हवा ठेवून. ०.५ मिलिमीटरचा फीलर गेज दोन्हीकडून सहज सरकला तर बसवणी बरोबर.

पट्ट्या फक्त एका दिशेने लावू नका. कोपऱ्यातल्या सेलला दोनच शेजारी असतात, त्यामुळे उष्णता तिथे आधीच कमी ठिकाणी वाटली जाते. एक बाजू बंद केली की सगळा भार उरलेल्या एकावर. म्हणून ६५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडून जाळीसारख्या एकमेकींत अडकवल्या. फटीत ग्लू गनचा गोंद भरायचा नाही. तो वितळतो, पेटतो, आणि दोन सेलमध्ये उष्णतेचा पूल बांधतो.

सेलच्या व्हेंटमधला गॅस धन टोकाकडून सुटतो, आणि सिरीजमध्ये गटांची टोकं आलटून पालटून असतात. त्यामुळे दोन्ही तोंडांवर १० मिलिमीटर मोकळी जागा सोडली, झाकणाच्या आतून अभ्रक लावला आणि डब्याला बाहेर जायचं भोक मागच्या बाजूला दिलं, स्वाराकडे नाही.

पुढचं काम फ्यूज. ४ पी गटात एक सेल आतून शॉर्ट झाला तर उरलेले तीन त्यातच वीज ओततात आणि स्वतःही तापतात. फटी कितीही नीट असल्या तरी हे त्या थांबवू शकत नाहीत. रुंद निकेल पट्टी अशा वेळी तुटत नाही. त्यामुळे प्रत्येक सेलच्या धन टोकाला ०.२५ मिलिमीटरची तांब्याची तार लावायची आहे. मोकळ्या हवेत ती साधारण १० अँपिअरला वितळते. या सायकलला प्रति सेल ४ अँपिअरच्या वर लागत नाही.