पहिल्या वर्षाचं भाषण: मधल्या थराची गाठ जिन्यातल्या दिव्यानं सुटली

मंडळी, गाठ सुटली. पहिल्या वर्षाच्या मुलांना न्यूरल नेटवर्क, म्हणजे थराथरांत जोडलेले न्यूरॉन, समजावणारं भाषण लिहितोय. मागच्या नोंदीत अडकलो होतो ते ‘मधला थर हवाच कशाला’ या प्रश्नावर. दहा मिनिटांच्या भाषणातली पहिली चार मिनिटं तेव्हाच जमली होती. एक न्यूरॉन म्हणजे सकाळी आठच्या लेक्चरला जायचं की नाही हे ठरवणं. पाऊस आहे का, हजेरी किती झाली, मित्र येणार का, या प्रत्येक गोष्टीला आपापलं वजन. सगळ्यांची बेरीज उंबरठ्याच्या वर गेली की निघायचं, नाहीतर पांघरूण ओढायचं. हे पोरांना लगेच कळतं, कारण हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की त्या एका गोष्टीचं वजन कसं वाढतं हे सांगावं लागत नाही.

घोडं अडायचं ते यापुढे. एकच माणूस सगळं जोखून निर्णय घेऊ शकतो, तर मध्ये आणखी माणसं बसवायची कशाला? मी क्लबातल्या कमिटीचं उदाहरण घेऊन पाहिलं, पण ते पोकळ निघालं. मधल्या माणसांनी नुसती बेरीज करून पुढे पाठवली तर त्यांचा काहीच उपयोग नसतो. कागदावर मांडून बघा. दोन इनपुट a आणि b. मधला पहिला 2a + 3b पाठवतो, दुसरा a − b. शेवटचा पहिल्याची चौपट घेऊन दुसऱ्याचं वजा करतो:

```
4(2a + 3b) − (a − b) = 7a + 13b
```

म्हणजे a ला 7 आणि b ला 13 वजन देणारा एकच न्यूरॉन जे करील, तेच तिघांनी मिळून केलं. असे पन्नास थर रचले तरी शेवटी एकच बेरीज उरते. मधल्या थराला अर्थ येतो तो मधल्यानं स्वतः ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवून पाठवल्यावर. हे सूत्रात दिसतं, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं, आणि त्यासाठी एकटा न्यूरॉन जिथे हमखास हरतो असा रोजचा प्रसंग हवा होता.

तो सोसायटीच्या जिन्यात सापडला. खाली एक बटण, वर एक बटण, मध्ये एक दिवा. कुठलंही एक बटण दाबलं की दिव्याची अवस्था पालटते. म्हणजे दोनपैकी नेमकं एकच ‘हो’ असेल तेव्हाच ‘हो’ म्हणणारा आपला एक्सॉरच, आणि हा दिवा प्रत्येकानं वापरलेला असतो.

भाषणातला हा भाग आता असा आहे:

‘समजा हा दिवा एकाच न्यूरॉननं चालवायचा आहे. दोन्ही बटणं खाली असली की बेरीज शून्य, आणि दिवा बंद हवा. म्हणजे उंबरठा शून्यावर किंवा त्याच्या वर. एकटं पहिलं बटण वर केलं की दिवा लागायला हवा, म्हणजे पहिल्याचं वजन एकट्यानं उंबरठा ओलांडतं. दुसऱ्याचंही तसंच. आता दोन्ही वर करा. एकेकटी ओलांडणारी वजनं एकत्र आली, ती तर ओलांडणारच. दिवा लागणार. पण घरी तर तो विझतो! वजनं काहीही घ्या, एका न्यूरॉनला हे जमत नाही.’

माझ्या चुलत बहिणीला, सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे, हे तोंडी ऐकवलं. ‘विझतो’ म्हणायच्या आधीच ती म्हणाली, ‘अरे, पण तेव्हा तर बंद होतो ना!’ तो क्षण मी मनसोक्त उपभोगला.

यानंतर तिघांची टीम. मूळ बेत स्लाइडवर आकृती दाखवण्याचा होता. हे लिहितानाच सुचतंय की आकृती नको, मुलांनाच उभं करू. दोघं बटणं होतील, तिघं न्यूरॉन. प्रत्येक न्यूरॉनच्या हातात एक कार्ड:

पहिला मधला: ‘बटणांपैकी किमान एक हात वर असेल तर हात वर कर.’
दुसरा मधला: ‘दोन्ही हात वर असतील तरच हात वर कर.’
शेवटचा: ‘पहिल्या मधल्याचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली असेल तरच हात वर कर.’

कार्डाच्या मागे आकडे. दोन्ही मधल्यांची वजनं 1 आणि 1, फक्त उंबरठे वेगळे: 0.5 आणि 1.5. शेवटच्याची वजनं 1 आणि −1, उंबरठा 0.5. दोन्ही बटणं वर गेली की दोन्ही मधले हात वर करतात, शेवटच्याकडे 1 − 1 = 0 येतं आणि त्याचा हात खालीच राहतो. दिवा विझला! मग याच पोरांना हात वर न करता नुसती बेरीज मोठ्यानं सांगायला लावायची. दोन्ही मधल्यांकडून कायम सारखाच आकडा येईल, वजाबाकी नेहमी शून्य, आणि दिवा कधीच लागणार नाही.

खरं बटणही नेणार आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून टू-वे स्विच आणले. घेताना उलटं करून बघाच: मागे तीन स्क्रू असतील तर टू-वे, दोन असतील तर साधा. वर्गात घरच्या लाइनवर काही जोडू नका. नऊ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि 470 ओहमचा रेझिस्टर पुरतो. माझ्या जोडणीत आधी दोन्ही बटणं सारखी असताना दिवा लागत होता. दोन स्विचांमधल्या दोन तारांची टोकं एकाच स्विचवर अदलाबदल केली की नेमकं उलटं होतं.

लॅपटॉपवर दाखवायला टेन्सरफ्लो प्लेग्राउंड, ब्राउझरमध्येच छोटं नेटवर्क शिकताना दाखवणारं पान. नवख्यांसाठी याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. एक्सॉरचा डेटा निवडा, Activation मध्ये Linear, म्हणजे नुसती बेरीज पुढे पाठवणं, ठेवा आणि हवे तितके थर वाढवा, लॉस, म्हणजे चुकीचं माप, 0.5 च्या आसपासच रेंगाळतो. मग Tanh करा, म्हणजे प्रत्येक मधला ‘हो’ किंवा ‘नाही’कडे झुकतो. तिथे ठिपके चारही चौकोनांत पसरलेले असल्यानं दोन न्यूरॉनना तिरका पट्टा तेवढा आखता येतो आणि कोपरे चुकतात, म्हणून चार ठेवा. एक काळजी मात्र घ्या: डावीकडचं X1X2, म्हणजे दोन इनपुटांचा गुणाकार, हे फीचर बंदच हवं. ते चालू असेल तर मधला थर नसतानाही गणित सुटतं आणि सगळा मुद्दा हातचा जातो.

इतिहासाची स्लाइड काढून दोन वाक्यं ठेवली. रोझेनब्लाटचा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे असाच वजनं आणि उंबरठ्याचा न्यूरॉन, १९५८ चा, आणि एका थराच्या या मर्यादा मिन्स्की आणि पेपर्ट यांनी १९६९ मध्ये गणितानं मांडल्या. मधल्या थराची वजनं मशीननं स्वतः शिकण्याची पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या निबंधानंतर सर्वत्र पोचली.

आणि इथेच माझ्या कार्डांची हद्द संपते, कारण ती मी हातानं लिहिली आहेत. मशीनचं शिकणं समजावण्यासाठी धुक्यात डोंगर उतरण्याचा दाखला ठेवला होता, तो या भाषणातून काढला. दहा मिनिटांत दोन्ही मावत नाहीत आणि घाईत सांगितलं तर दोन्ही निसटतात. शिकणं दुसऱ्या सत्रात.

त्या सत्राची सुरुवात मात्र आत्ताच दिसतेय. दोन्ही मधल्यांना अगदी सारखंच कार्ड द्यायचं आणि शेवटच्यानं दोघांना सारखंच वजन द्यायचं. दोघांचे हात नेहमी एकत्र उठतील, चुकीबद्दल दोघांना एकच दुरुस्ती मिळेल आणि पुढेही ते सारखेच राहतील. दोघं असून काम एकाचंच. सुरुवातीची वजनं यदृच्छ का घेतात हे त्यातून आपोआप निघतं. तेव्हा कार्डं लॅमिनेट करत नाही, मागचे आकडे पेन्सिलीनंच लिहितो.