भोक बुजलं, गळती राहिली

“लहानपणीच ऑपरेशन झालंय ना तुमचं? मग दर वर्षी हार्टवाल्या डॉक्टरांकडे कशाला जाता?” असं मला लोक विचारतात.

माझा आजार टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हृदयातला जन्मजात दोष. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडलो की ओठ निळे पडायचे म्हणे. सर्जननी भोकाला पॅच लावला आणि ती वाट रुंद करायला उभी चीर देऊन तिथेही पॅच शिवला. चीर त्या वाटेवरच्या झडपेच्या, म्हणजे पल्मनरी व्हॉल्व्हच्या कड्यातून गेली, तेव्हापासून तो व्हॉल्व्ह धड मिटत नाही. यात कुणाची चूक नाही. तेव्हा पोर जगवायचं होतं, आणि ही गळती शरीर वर्षानुवर्षं सोसतं.

सोसतं, पण खालच्या उजव्या कप्प्याच्या जिवावर. दर ठोक्याला पुढे गेलेलं काही रक्त मागे येतं आणि कप्पा ताणून मोठा होत जातो. गंमत म्हणजे ज्याचं त्याला कळत नाही. मी दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबायचो. जन्मभर तसाच चढलेला माणूस, वेगळं काय वाटणार?

मला कळलं ते धडधडीमुळे. ऑफिसात बसल्या जागी, बटण दाबल्यासारखी ती सुरू झाली. भीतीने ठोके हळूहळू वाढतात, हळूहळू उतरतात. हे एकदम दीडशे, आणि तिथेच ठाम. ईसीजीत एट्रियल फ्लटर निघालं. वरच्या कप्प्यातल्या जुन्या टाक्यांच्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल फिरत होता. ॲब्लेशनने ती वाट जाळून बंद केली. खालच्या कप्प्यातून असंच काही उठलं तर जिवावर बेततं, म्हणून डॉक्टर ईसीजीत क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या टोकदार रेषेची रुंदी दर वर्षी मोजतात. ती 180 मिलिसेकंदांपुढे गेली की धोका वाढतो.

मग एमआरआय झाला. उजवा कप्पा वेड्यावाकड्या आकाराचा, इकोत पुरता मापता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 160 मिलिलिटरच्या आसपास तो फुगला की नव्या व्हॉल्व्हचा विचार करतात. माझा 168 निघाला. उशीर केला तर ताणलेला कप्पा पूर्वपदावर येत नाही, शेवटी हार्ट फेल्युअर. घाई केली तर प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह झिजून पुढचं ऑपरेशन तेवढंच लवकर. मी व्हॉल्व्ह बसवून घेतला. कप्पा आक्रसला, जिना एका दमात होतो. पण हाही व्हॉल्व्ह कधीतरी गळणार किंवा आखडणार, आणि व्रण आहेत तिथेच आहेत.

म्हणून वर्षाला इको, ईसीजी, अधूनमधून एमआरआय. दात काढायचा असला तरी आधी अँटिबायोटिक, नव्या व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, कारण माझा रुंद क्यूआरएस पाहून कॅज्युअल्टीतले नवे डॉक्टर हमखास धावपळ करतात. जुना दाखवला की आधी दोन्ही शेजारी धरून बघतात.