दूध डेअरीला भागीदारीचा प्रस्ताव पाठवताना : माझा अनुभव

आम्ही सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत एक छोटे यंत्र बनवतो. गावोगावच्या संकलन केंद्रांत दूध थंड ठेवण्यासाठी बल्क कूलर असतात, त्यांवर ते बसवायचे. ते दुधाचे तापमान मोजते. कॉम्प्रेसर आणि ढवळणीची मोटर चालू आहे की बंद, हे वायरभोवती लावलेल्या चिमट्यातून ओळखते आणि काही बिघडले तर केंद्रचालकाला फोन करते. सुटे केंद्रचालक ते विकत घेत होते, पण एकेक करून. मोठ्या खासगी डेअरीने साथ दिली तरच हे काम पुढे जाईल हे मला आणि माझ्या भागीदाराला स्पष्ट दिसत होते. म्हणून एका डेअरीला प्रस्तावाची ईमेल पाठवली. ती कशी तयार झाली आणि तिच्यातले काय उपयोगी पडले, ते इथे सांगतो.

लिहायला बसण्यापूर्वी डेअरीचे नुकसान नेमके कुठे होते हे समजून घेतले. दूध काढल्यावर ते साधारण ३५ अंशांवर असते आणि कूलरने ते ४ अंशांवर आणायचे असते. कूलर तळाकडून थंड करतो. ढवळणी बंद पडली की तळाचे दूध गार होते, वरचे कोमटच राहते, आणि तापमापक तळाजवळ असल्याने पाटीवर ४ अंशच दिसतात. चालकाला वाटते सगळे ठीक आहे. सकाळी टँकर येतो आणि चार-पाच केंद्रांचे दूध एकाच कप्प्यात पडते. प्लांटच्या गेटवर नमुना उकळून पाहतात. तो फाटला की सगळा कप्पा नाकारला जातो. एका केंद्राचे १,००० लिटर बिघडलेले असते, पण त्यापायी ५,००० लिटर अडकतात. मग दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. केंद्रांच्या नमुन्याच्या बाटल्या तपासून दोषी केंद्र सापडते, पण बिघाड रात्री कधी आणि कशामुळे झाला हे त्या बाटल्या सांगत नाहीत.

यावरून ईमेल कोणाला पाठवायची हेही ठरले. खरेदी विभागासाठी आम्ही आणखी एक पुरवठादार ठरलो असतो. देखभाल विभागाला आमचे यंत्र त्यांच्या चुका टिपणारे वाटले असते. गेटवर नाकारलेल्या दुधाचा जाब द्यावा लागतो तो संकलन विभागाच्या प्रमुखांना. त्यांचे नाव आणि पत्ता केंद्रचालकांकडूनच मिळाला. विषयाच्या ओळीत आमच्या कंपनीचे नाव घातले नाही. लिहिले, ‘रात्री कूलर बंद पडल्याने नाकारले जाणारे कप्पे : ३ केंद्रांवर चाचणीचा प्रस्ताव’. या विषयावर ते एरवीही बोलतच असतात, त्यामुळे मेल उघडली जाईल अशी खात्री होती.

मजकूर असा होता :

‘आदरणीय सर, आपल्या मार्गावरील काही केंद्रचालक आमचे कूलर-निरीक्षण यंत्र वापरतात. ढवळणी किंवा कॉम्प्रेसर बंद पडल्यास ते चालकाला १५ मिनिटांत फोन करते. एका केंद्राच्या बिघाडाने ५,००० लिटरचा कप्पा नाकारला गेला आणि ते दूध लिटरमागे फक्त १५ रुपये कमी दराने विकावे लागले असे धरले, तरी एका वेळचे नुकसान ७५,००० रुपये होते. असे वर्षातून किती वेळा घडते हे आपल्यालाच ठाऊक आहे. आमचे शुल्क एका कूलरला महिन्याला ९०० रुपये आहे. ६० कूलर धरले तर महिन्याला ५४,००० रुपये.

मार्च ते मे या काळात आपण निवडाल त्या ३ केंद्रांवर आम्ही यंत्रे विनामूल्य बसवू. यंत्राचा कोणताही भाग दुधात जात नाही आणि कूलरच्या वायरिंगला हात लागत नाही. चाचणी संपल्यावर आपण म्हणाल तर यंत्रे काढून नेऊ.

यात आमचा फायदा असा की वेगवेगळ्या बनावटीच्या कूलरवर उन्हाळ्यात यंत्र तपासता येईल, आपल्या तंत्रज्ञांच्या मदतीने बसवण्याचा खर्च उतरेल आणि चाचणी पटली तर आपले शिफारसपत्र मिळेल. आम्ही गुंतवणूक मागत नाही. आपल्याकडून फक्त केंद्रांत प्रवेशाची लेखी परवानगी आणि एक संपर्क व्यक्ती हवी आहे. पुढच्या आठवड्यात अर्धा तास देऊ शकाल का?’

खाली नाव, फोन आणि उद्यम नोंदणी क्रमांक. जोडपत्र म्हणून एकच पान लावले. त्यात एका केंद्रावरच्या एका रात्रीचा आलेख होता, केंद्राचे नाव काढून आणि चालकाची परवानगी घेऊन. ढवळणी बंद पडल्यावर वरच्या आणि खालच्या दुधाचे तापमान कसे वेगळे होत गेले हे त्यात दिसत होते.

यातल्या तीन गोष्टींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. एक म्हणजे १५ रुपये. आंबट दूध अगदी फेकले जात नाही, कमी दराने का होईना ते खपते. पूर्ण दर धरून आकडा लाखाच्या पुढे नेता आला असता, पण संकलनप्रमुखाला खरा हिशेब ठाऊक असतो. फुगवलेला एक आकडा दिसला की बाकीच्या ओळींवरचा त्यांचा विश्वास उडतो. वर्षातून कप्पे किती वेळा नाकारले जातात, याचा अंदाजही म्हणूनच बांधला नाही. एका वेळेचा हिशेब दिला आणि गुणाकार त्यांच्यावर सोपवला.

दुसरी गोष्ट, आमचा फायदा उघड लिहिणे. माझ्या भागीदाराला वाटत होते की त्याने आपण गरजू दिसू. माझे मत उलटे होते आणि आजही तेच आहे. तीन महिने फुकट काम करणाऱ्याचा यात काय स्वार्थ आहे, हा प्रश्न अनुभवी माणसाच्या मनात येतोच. उत्तर आपण दिले नाही तर तो स्वतः शोधतो, आणि बहुतेक वेळा त्याला ‘आमची माहिती दुसऱ्या डेअरीला विकतील’ हेच सुचते.

तिसरी, मागणीचा आकार. आम्ही खरेदी मागितली असती तर कागद खरेदी विभागाकडे गेला असता. परवानगी मागितली ती विभागप्रमुखांना स्वतःच्या अधिकारात देता येईल एवढीच. याचा उपयोग लगेच कळला. उत्तर आले, पण त्यांच्या कार्यालयाने सवयीप्रमाणे पुरवठादार नोंदणीचा अर्जही जोडला होता. त्यात तीन वर्षांचे ताळेबंद आणि किमान उलाढाल मागितली होती, जी आमच्यासारख्यांकडे नसते. आम्ही नम्रपणे कळवले की चाचणीत कोणताही पैशांचा व्यवहार नाही, त्यामुळे परवानगीपत्र पुरेल. ते पत्र मिळाले.

भेटीत गुणवत्ता विभागाच्या मॅडम होत्या. त्यांनी विचारले, “सकाळी कोमट दूध ओतताना तापमान वाढणारच. तेव्हाही फोन करणार का?” हा अगदी नेमका प्रश्न होता. आधी थंड केलेल्या दुधात नवे कोमट दूध पडते तेव्हा मिश्रण १० अंशांच्या वर जाऊ नये असे मानतात, पण थोडी वाढ स्वाभाविकच असते. शिवाय टाकी गरम पाण्याने धुतली की तापमान ६० अंशांपर्यंतही चढते. म्हणून आमचे यंत्र नुसत्या तापमानावर ओरडत नाही. तापमान वाढतेय पण कॉम्प्रेसर आणि ढवळणी चालू आहेत, तर ते दूध ओतण्याचे लक्षण. तापमान चढतेय आणि दोन्हींपैकी एक बंद, तर बिघाड. टाकी रिकामी असल्याचे चालक बटण दाबून कळवतो. चाचणी यशस्वी कशाला म्हणायचे तेही तिथेच लिहून घेतले : खरा बिघाड झाल्यावर १५ मिनिटांत फोन, आणि खोटा फोन एका कूलरवर आठवड्याला एकापेक्षा जास्त नाही. हे आधी लिहिलेले नसते तर मे संपल्यावर ‘बरे वाटले’ आणि ‘तितकेसे नाही’ यांत सगळे अडकले असते.

प्रस्तावात ज्या बाजूबद्दल आम्ही काहीच लिहिले नव्हते ती बाजू केंद्रचालकांची, आणि चाचणी सुरू झाल्यावर तीच सर्वांत नाजूक ठरली. नोंदी कार्यालयात गेल्या की आपले पैसे कापले जातील, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आम्ही विभागप्रमुखांना सुचवले की पहिला फोन चालकालाच जावा आणि ३० मिनिटांत दुरुस्तीची हालचाल झाली नाही तरच कार्यालयाला कळावे. त्यांनी ते मान्य केले. एका केंद्रावर चालकाने यंत्राचा प्लग काढून ठेवला होता. हा नियम समजल्यावर त्याने स्वतःच तो परत लावला. यंत्र विकत घेणारा एक आणि रोज त्याच्याबरोबर राहणारा दुसरा असतो, तेव्हा दुसऱ्याचा फायदाही प्रस्तावात असायला हवा. आता आमच्या नव्या पत्रांत चालकासाठी वेगळा परिच्छेद असतो.

चाचणीनंतर कराराची बोलणी झाली. डेअरीने अट घातली की हे यंत्र इतर कोणत्याही डेअरीला द्यायचे नाही. तसे केले तर आमचा धंदा त्यांच्या मर्जीवर चालेल. सरळ नकार देण्याऐवजी आम्ही मोबदला मागितला : त्यांच्या संकलन तालुक्यांत एक वर्ष दुसऱ्या डेअरीला देणार नाही, पण त्यांनी किमान ४० कूलरची हमी द्यावी. नोंदी डेअरीच्या मालकीच्या राहतील, आणि यंत्र सुधारण्यासाठी आम्ही केंद्रांची नावे काढून त्या वापरू शकू, हेही लिहिले गेले.

शेवटचा मुद्दा पैसे मिळण्याच्या मुदतीचा. त्यांच्या नेहमीच्या करारात ९० दिवस होते. आम्ही उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहोत, स्वतः उत्पादन करतो. लेखी करार असला तरी अशा उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत. शिवाय आयकर कायद्याप्रमाणे ही मुदत चुकली तर त्या खर्चाची वजावट कंपनीला पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. आम्ही हे तक्रारीच्या सुरात मांडले नाही, ‘आपल्या लेखा विभागाला सोयीचे पडेल’ असे म्हणून मांडले. त्यांच्या लेखापालांनीच ४५ दिवसांचा कागद तयार करून पाठवला, आणि पहिल्या ४० कूलरची यादी त्याच टपालात होती.